पाठीतील इंजेक्शन की संपूर्ण भूल?

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला की घरात सर्जनविषयी पुष्कळ चौकशी होते. भूलतज्ज्ञांना मात्र कोणी फारसे काही विचारीत नाही. वस्तुतः त्या दोन तासांत रुग्णाचा श्वास, नाडी आणि रक्तदाब यांवर अखंड लक्ष ठेवणारी व्यक्ती तीच असते.

उदाहरणादाखल, हर्नियाची शस्त्रक्रिया ठरलेले सदुसष्ट वर्षांचे, रक्तदाबाची गोळी घेणारे एक व्यापारी गृहस्थ घेऊ. जांघेत छेद देऊन शस्त्रक्रिया करावयाची असल्यास अनेकदा पाठीतून भूल दिली जाते. दुर्बिणीतून करावयाची असल्यास पोट वायूने फुगवावे लागते, म्हणून बहुधा संपूर्ण भूल निवडतात.

पाठीतून भूल देताना रुग्णाला बसवून अथवा कुशीवर निजवून पाठ मांजरासारखी गोल करावयास सांगतात. त्यामुळे मणक्यांमधील फटी उघडतात. थंडगार औषधाने पाठ पुसली जाते, त्वचा बधिर करणारी एक टोचणी बसते आणि त्यानंतर बारीक सुई आत जाताना बहुधा केवळ दाब जाणवतो. ‘सुई मज्जारज्जूला लागली तर?’ ही भीती सार्वत्रिक आहे. परंतु प्रौढांमध्ये मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली, मज्जातंतू द्रवात तरंगत असतात तेथे टोचतात. पायात विजेसारखी चमक आली तर हलू नये. ‘उजवीकडे चमक आली’ असे तत्काळ सांगावे.

औषध जाताच पायांत ऊब येते, पाय जड होतात आणि काही मिनिटांत हलेनासे होतात. भूलतज्ज्ञ थंड बोळा लावून बधिरता कोठवर चढली ते पाहतात आणि खात्री पटल्यावरच शस्त्रक्रियेस अनुमती देतात. येथे एक गोष्ट आधीच ठाऊक असावी: वेदना जाते, पण स्पर्श, दाब आणि ओढल्याची जाणीव काही अंशी उरू शकते. ते भूल फसल्याचे लक्षण नव्हे. दुखले तर मात्र सोसत राहू नये, बोलावे. औषध वाढविता येते अथवा संपूर्ण भूल देता येते.

पायांतील ती ऊब रक्तवाहिन्या सैलावल्याने येते आणि त्याच कारणाने रक्तदाबही उतरतो. अशा वेळी मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. सलाइन आणि औषधाने हे लवकर सावरते. चौविहार पाळणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेतलेल्या व्यक्तीची शस्त्रक्रिया सकाळी दहा वाजता असेल, तर शरीर पंधरा तास कोरडे राहते आणि रक्तदाब अधिक उतरू शकतो. भूल देताना पोटातील अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून हलका आहार सहा तास आधी बंद करतात. साधे पाणी मात्र सामान्यतः दोन तास आधीपर्यंत चालते. नियम मोडावयाचा नसेल तर तसे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगावे, म्हणजे सलाइन लवकर सुरू करता येते. सकाळची कोणती गोळी घ्यावयाची, हेही तेव्हाच विचारावे. स्टेंट बसविलेल्यांची रक्त पातळ करणारी गोळी तर अवश्य सांगावी. ती चालू असताना पाठीत सुई टोचल्यास तेथे रक्तस्रावाचा धोका असतो. परंतु ती परस्पर बंद करणे हृदयासाठी तितकेच धोक्याचे आहे.

संपूर्ण भुलीचा अनुभव रुग्णापुरता फारच छोटा असतो. तोंडावर प्राणवायूचा मास्क येतो, शिरेतून बहुधा दुधासारखे पांढरे औषध जाते, हात किंचित चुरचुरतो आणि अर्ध्या-एक मिनिटात जाणीव लोपते. पुढे श्वासनलिकेत नळी घालून यंत्राद्वारे श्वास दिला जातो. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. जागे झाल्यावर घसा खवखवणे, थंडी वाजणे, मळमळणे संभवते. वृद्धांना काही काळ दिवस-स्थळ यांचा गोंधळ होतो. त्या वेळी त्यांचा चष्मा व श्रवणयंत्र लगेच हाती दिल्यास आणि परिचित आवाज कानी पडल्यास फार उपयोग होतो. दात हलत असल्यास अथवा कवळी असल्यास हे नळी घालण्यापूर्वीच सांगावयास हवे.

पाठीतून दिलेली भूल साधारण दोन ते चार तासांत उतरते. तोवर एकट्याने उठू नये, पाय दगा देतात. लघवी काही तास अडू शकते. पोट तटतटले तर परिचारिकेस सांगावे. ‘त्या इंजेक्शनने कंबर कायमची जाते’ हा समज दूर करण्यासारखा आहे. टोचलेली जागा दोन-चार दिवस हुळहुळते, एवढेच बहुधा घडते. डोकेदुखी मात्र खरी आहे. १८९८ मध्ये जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनी हा प्रयोग स्वतःवर करवून घेतला, तेव्हा त्यांनाही ती झाली होती. सुईच्या छिद्रातून द्रव पाझरल्याने ती होते आणि आजच्या बारीक सुयांमुळे पुष्कळ कमी झाली आहे. तिची खूण सोपी: उठून बसल्यावर वाढते, आडवे होताच उतरते. घरी आल्यावर असे झाले, अथवा उतरलेली बधिरता पुन्हा येऊन पायांतील शक्ती कमी होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयास कळवावे.