आधी सरळ करा, मग कापा

वर्गातल्या किंवा मीटिंगमधल्या व्हाइटबोर्डचा फोटो काढला की लिखाणाबरोबर ॲल्युमिनियमची चौकट, डस्टर ठेवायची पट्टी, भिंतीचा तुकडा आणि ट्यूबलाइटची चकाकी हेही येतं. मग बहुतेक जण क्रॉपचा आयत ओढून कडा कापतात. इथेच घोळ होतो.

आठ फूट रुंद, चार फूट उंच बोर्ड समजा. समोरून चकाकी येते म्हणून तुम्ही उजवीकडे सरकून फोटो काढलात. हे योग्यच, कारण प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. दोन पावलं बाजूला सरकलं की चकाकी लिखाणावरून हलते. पण आता फोटोत बोर्डाची उजवी कड १८०० पिक्सेल उंच आणि लांबची डावी कड १२०० भरते. अशा समलंबावर सरळ आयत ठेवला तर एक तर डावीकडे चौकट आणि भिंत उरते, नाही तर उजवीकडच्या वरच्या-खालच्या ओळी जातात.

म्हणून आधी स्कॅनर ॲपमध्ये किंवा एडिटरच्या 'पर्स्पेक्टिव्ह' सोयीत चार कोपरे चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांवर नेमके बसवावेत. ॲप कोपरे आपोआप शोधतं, पण अनेकदा चौकटीची बाहेरची कड किंवा शेजारचा प्रोजेक्टरचा पडदा धरतं. म्हणून झूम करून ते हातानं ओढावेत. सरळ झालेल्या चित्राचं प्रमाण दोनास एक हवं. तसं नसेल तर अक्षरं फुगलेली किंवा चेपलेली दिसतात. डावी कड दीडपट ताणली जाते, तिथली अक्षरं जराशी धूसर होणारच. फार बाजूला सरकू नये ते यासाठी.

चौकटीचं काम इथे संपलं. आता लिखाणाभोवती बोटभर जागा ठेवून कापावं. कोपऱ्यातली तारीख आणि खालच्या पट्टीच्या सावलीतली शेवटची ओळ मात्र तपासा. कात्री बहुधा त्यांच्यावरच चालते.

उजेड वाढवणं त्यानंतर. 'ऑटो' बटण सहसा चित्रातला सर्वांत उजळ भाग पांढरा धरतं. कडेला चकाकी राहिली तर बोर्ड करडा उरतो. काळ्या फळ्याच्या फोटोत पांढरी भिंत राहिली, तर तीच पांढरी ठरते आणि खडूचं लिखाण फिकं पडतं.

लिखाणावरच चकाकी असेल तर कापण्यानं काही होत नाही. तिथले पिक्सेल पूर्ण पांढरे झालेले असतात, खालची शाई नोंदलेलीच नसते. काळोख वाढवला तर नुसता करडा डाग मिळतो. फ्लॅश बंद करून दुसऱ्या बाजूनं आणखी एक फोटो घेणं हाच उपाय. तेव्हा बोर्ड पुसला जायच्या आधी फोटो झूम करून एकदा बघाच.