फोनची स्क्रीन फुटली तर दुरुस्त करायची की नवा फोन घ्यायचा? गंगाखेडच्या उदाहरणातून समजून घ्या खर्चाचं गणित

समजा, तुम्ही गंगाखेडला राहता. दोन वर्षांपूर्वी 15 हजारांना घेतलेला अॅमोलेड स्क्रीनचा फोन बसमधून उतरताना हातातून निसटला आणि स्क्रीन काळी पडली. बँकेचे ओटीपी, यूपीआय, फोटो सगळं त्यातच आहे. आता काय करायचं?

आधी नेमकं काय फुटलंय ते बघा

स्क्रीनमध्ये वरची काच आणि खालचं डिस्प्ले पॅनल असे दोन मुख्य भाग असतात आणि ते एकमेकांना चिकटवलेले असतात. काचेला तडे गेलेत, पण चित्र स्वच्छ दिसतंय आणि टच चालतोय, तर फक्त काच बदलता येते. यात पॅनल गरम करून काच वेगळी करतात. त्या कामात पॅनलच खराब होण्याचा धोका असतो, म्हणून तसं झालं तर भरपाई कोण देणार हे दुकानदाराला आधीच विचारा.

काळे डाग, रंगीत रेषा किंवा पूर्ण अंधार असेल, तर पॅनल गेलं. मग काच आणि पॅनल मिळून अख्खा भाग बदलावा लागतो. दुकानात त्याला 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात.

अधिकृत सेवाकेंद्रात किती खर्च?

व्हिवो, ओप्पो, रिअलमी यांसारख्या अनेक कंपन्या सुट्या भागांचे दर आपल्या वेबसाइटवर देतात. मॉडेल निवडलं की स्क्रीन आणि बॅटरीची किंमत दिसते. घरातून निघण्याआधी ती बघून घ्या.

आपल्या उदाहरणात स्क्रीन 5,000 आणि मजुरी 200 रुपये धरू. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 936 रुपये. एकूण 6,136 रुपये. पडून फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे फोन नवा असला तरी हे पैसे भरावेच लागतात.

अधिकृत केंद्रं बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. गंगाखेडहून परभणी सुमारे 40 किलोमीटर. तुमच्या कंपनीचं केंद्र परभणीतही नसेल, तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. तिथे पोहोचल्यावर 'पार्ट मागवावा लागेल' असं कळलं, तर दुसरी फेरी आलीच. रोजंदारीवर काम करणाऱ्यासाठी प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणून आधी केंद्राला फोन करून मॉडेलचं पूर्ण नाव सांगा आणि पार्ट शिल्लक आहे का, हे विचारा.

गावातल्या दुकानात स्वस्त का पडतं?

आपल्या उदाहरणात दुकानदार 2,000 रुपये सांगतो. इतका फरक बहुतेक वेळा पार्टच्या प्रकारामुळे पडतो. मूळ अॅमोलेडच्या जागी कॉपी एलसीडी बसवली जाते. तिच्यामागे कायम दिवा लागतो, त्यामुळे बॅटरी जास्त लागू शकते. स्क्रीनच्या आत बोट ठेवून लॉक उघडत असाल, तर ती सोयही सहसा बंद पडते.

हे ओळखायचं कसं? पूर्ण काळं चित्र लावून फोन अंधारात धरा. अॅमोलेड एकदम काळी दिसते, एलसीडी राखाडी चमकते. ही तपासणी पैसे देण्याआधी दुकानातच करा. फोन अजून वॉरंटीत असेल, तर बाहेर उघडल्यावर उरलेली वॉरंटी जाऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

मग निर्णय कसा घ्यायचा?

दुरुस्तीनंतर हा फोन विकला तर किती येतील, हे बघा. समजा 6 हजार येतील. तेवढाच खर्च अधिकृत स्क्रीनवर होत असेल आणि बॅटरीही थकलेली असेल, तर ती दुरुस्ती परवडत नाही. फोन अजून वर्षभरच ओढायचा असेल, तर कॉपी स्क्रीन चालू शकते. फोनला पुढची दोन-तीन वर्षं अपडेट मिळणार असतील, तर मूळ पार्टच घ्यावा.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ती स्क्रीनपेक्षा बरीच स्वस्त असते. दिवसातून दोन-तीनदा चार्जिंग लागत असेल, तर बदलून घ्या. पण मागचं झाकण किंवा स्क्रीन उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका. फुगलेली बॅटरी टोचली गेली तर पेट घेऊ शकते.

सरकार काय करतंय?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मे 2025 मध्ये एका समितीने दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा विभागाला दिला. फोन किती सहज उघडतो, सुटे भाग वेळेत मिळतात का, अशा निकषांवर त्याला तारे द्यावेत, अशी ती कल्पना आहे. युरोपियन युनियनमध्ये 20 जून 2025 पासून नव्या फोनच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते.

तोपर्यंत ही श्रेणी आपली आपणच काढायची. पुढचा फोन घेताना कॅमेऱ्यासोबत त्याच्या स्क्रीनचा दरही बघा आणि त्या कंपनीचं सेवाकेंद्र परभणीत आहे का, हे दुकानातच विचारा.