सोडिअम ॲसिटेटचे द्रावण आम्लारिधर्मी का?

आयनिक समतोलाच्या उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास सापडतं: 'हा क्षार सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारीपासून झाला, म्हणून त्याचं द्रावण आम्लारिधर्मी.' गुण मिळतात, पण आपण इथे कारण सांगितलं का? आपण फक्त क्षाराची वंशावळ सांगितली. (तत्त्वज्ञानाच्या वर्गातही हा घोटाळा होतो; नियमाला कारण समजायचं.) पाण्यात नेमकं काय घडतं ते पाहू.

सोडिअम ॲसिटेट पाण्यात विरघळलं की Na⁺ आणि CH₃COO⁻ सुटे होतात. Na⁺ स्वस्थ बसतो. OH⁻ ला धरून ठेवण्याची त्याला ओढ नाही. ॲसिटेटचं तसं नाही. ते ॲसेटिक आम्लातून H⁺ गेल्यावर उरलेलं आहे, आणि ते आम्ल सौम्य आहे याचा अर्थच असा की ॲसिटेटला H⁺ सहजी सोडवत नाही. म्हणून ते पाण्याकडून H⁺ घेतं:

CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻

मागे OH⁻ राहतो. हेच जलापघटन. मिठाच्या द्रावणात असं का होत नाही? कारण Cl⁻ ला H⁺ ची अशी ओढ नाही.

आता हे किती प्रमाणात होतं? ॲसेटिक आम्लाचा Ka 1.8 × 10⁻⁵, पाण्याचा Kw 10⁻¹⁴. जलापघटनाचा स्थिरांक म्हणजे Kw भागिले Ka, साधारण 5.6 × 10⁻¹⁰. द्रावण 0.1 मोलर असेल तर

[OH⁻] = √(5.6 × 10⁻¹⁰ × 0.1) ≈ 7.5 × 10⁻⁶

म्हणजे सामू 8.9 च्या आसपास. बघा, लाखभर ॲसिटेट आयनांपैकी जेमतेम सात-आठच पाण्याकडून H⁺ मिळवतात, कारण पाणी तर ॲसेटिक आम्लाहूनही कितीतरी सौम्य आम्ल. पण शुद्ध पाण्यात OH⁻ अवघा 10⁻⁷ असतो, त्यामुळे एवढी भरही पंचाहत्तरपट ठरते.

हे सूत्र डोळे झाकून मात्र वापरू नये. द्रावण 10⁻⁶ मोलर घ्या, उत्तर 2.4 × 10⁻⁸ येईल, म्हणजे शुद्ध पाण्याहूनही कमी OH⁻! क्षार टाकून पाणी आम्लधर्मी झालं, असं म्हणण्यासारखंच ते. तिथे पाण्याचे स्वतःचे आयन धरावेच लागतात.

प्रयोगशाळेत याचा पडताळा अनुमापनात येतो. 0.1 मोलर ॲसेटिक आम्लात तेवढ्याच संहतीचं सोडिअम हायड्रॉक्साइड अगदी समतुल्य घातलं, तरी सामू 7 वर थांबत नाही, तिथे 0.05 मोलर ॲसिटेट उरतं आणि सामू 8.7 असतो. म्हणून आपण फिनॉल्फ्थॅलिन वापरतो. मिथिल ऑरेंज घातलं तर ते सामू 4.4 पर्यंतच पिवळं होऊन बसतं, आणि तोवर निम्म्याहून जास्त आम्ल उदासीन व्हायचं बाकी असतं.