काटा सहाव्या महिन्यात का अडकतो

वजन उतरवायला घेतलं की पहिले दोन आठवडे मोठे हुरूप देणारे असतात. साखर बंद होते, भात निम्म्यावर येतो आणि काटा बघता बघता दोन किलो खाली दाखवतो. कठीण काळ येतो तो पुढे, पाचव्या-सहाव्या महिन्यात. आहार तोच, चालणंही तेच, पण काटा महिनाभर जागचा हलत नाही. पुष्कळ जण इथे हात टेकतात. कुणी म्हणतं थायरॉइड असेल, कुणी म्हणतं आमची प्रकृतीच अशी. वजन अडकण्यामागे बहुतेक वेळा एक हिशेब असतो आणि तो समजला तर पुढे काय करायचं हेही समजतं. म्हणून एक नमुन्याचं उदाहरण घेऊन तो शेवटपर्यंत करून पाहू.

समजा, पुण्यातल्या एक बाई आहेत. वय ४२, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, काम बँकेत बसून. त्यांचं शरीर दिवसाला साधारण २,००० कॅलरी खर्च करतं. त्या १,५०० कॅलरींचा आहार ठरवतात, म्हणजे रोज ५०० ची तूट. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. या दराने पंधरा दिवसांत एक किलो उतरावा, म्हणजे आठवड्याला जवळपास अर्धा किलो. हा वेग योग्यच आहे. साधारणपणे आठवड्याला अर्धा ते एक किलो ही मर्यादा डॉक्टर सांगतात, आणि बेताची उंची असलेल्या आपल्याकडच्या बायकांनी त्यातला अर्धा किलोच धरावा हे बरं.

पहिल्या पंधरवड्यात यापेक्षा जास्त उतरतं, त्याचं श्रेय चरबीला नाही. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. खाणं कमी झालं की ही शिल्लक आधी वापरली जाते आणि पाणीही निघून जातं. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला म्हणून घाबरायचं कारण नाही. चरबी उतरायला तेव्हा कुठे खरी लागलेली असते.

मग झटपट का उतरवू नये? झटपट उतरलेलं वजन झटपट परत येतं, असं नेहमी सांगितलं जातं. मेलबर्नमध्ये हे तपासून पाहिलं गेलं. एका गटाने १२ आठवड्यांत वजन उतरवलं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की सुमारे तीन वर्षांनी दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी जवळपास सत्तर टक्के परत आलं होतं. म्हणजे हळू उतरवणं ही टिकण्याची हमी नाही. हळू जाण्याची कारणं वेगळी आहेत. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरू लागलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर घाईत साखर किंवा दाब एकदम खाली जाऊ शकतो. अशा माणसाने सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगून औषधाची मात्रा तपासून घ्यावी.

आता हिशेबाकडे परत येऊ. रोज ५०० च्या तुटीने या बाईंचं वजन वर्षाअखेर ५४-५५ किलोवर यायला हवं. तसं ते येत नाही. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी याचं गणित नीट मांडलं आहे. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. लहान झालेल्या शरीराला चालवायला कमी ऊर्जा लागते, आणि त्याखेरीज शरीर थोडी काटकसरही करू लागतं. ढोबळमानाने उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. आठ किलो उतरून बाई ७० वर आल्या की त्यांचा खर्च २,००० वरून १,८०० वर आलेला असतो. पाचशेची तूट आता तीनशेची झाली. त्या काटेकोर १,५०० वर राहिल्या तरी पहिल्या वर्षात दहा-अकरा किलोच उतरतील आणि पुढचं वजन आणखी संथपणे उतरत राहील.

तरीही या हिशेबाने वजन सहाव्या महिन्यात अडकायला नको. अडकवते ती भूक.

हे एका औषधामुळे स्पष्ट झालं. मधुमेहाच्या काही गोळ्यांमुळे लघवीतून साखर बाहेर पडते आणि रोज साधारण ३५० कॅलरी नकळत शरीराबाहेर जातात. घेणाऱ्याला ते जाणवत नाही. त्याने डाएट ठरवलेलं नसतं. अशा रुग्णांचं वर्षभराचं वजन पाहून हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला. वजन काही किलो उतरलं आणि थांबलं, कारण माणसं न ठरवता जास्त खाऊ लागली होती. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भुकेची ओढ रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढत होती. खर्चातल्या घटीच्या तिप्पट-चौपट. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि साठा पुरेसा आहे, हे मेंदूला कळवतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू खाण्याचा तगादा लावतो. मेलबर्नमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात वजन उतरवल्यावर वर्षभराने तपासलं, तेव्हाही भुकेशी संबंधित संप्रेरकं पूर्ववत झालेली नव्हती.

म्हणजे आठ किलो उतरलेल्या या बाईंवर रोज सुमारे ८०० कॅलरी जास्त खाण्याची ओढ आहे. त्यातली बरीचशी त्या परतवून लावतात, आणि याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही. उरलेली ओढ स्वयंपाकघरात वाट काढते. पहिल्या महिन्यात चमच्याने मोजलेलं तेल आता अंदाजाने पडतं आणि दोन छोटे चमचे जास्त जातं: ८० कॅलरी. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मूठभर दाणे तोंडात जातात, २५ ग्रॅम धरले तरी १४०. बंद केलेला दुपारचा साखरेचा चहा पाहुण्यांच्या निमित्ताने परत सुरू झाला: ८०. बेरीज ३००. आहार १,५०० वरून १,८०० वर गेला, खर्चही १,८०० वर आला, आणि काटा ७० वर थांबला. ‘मी तेवढंच खाते’ असं त्या मनापासून सांगतील. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्यांचं खाणं अचूक मोजलं गेलं. त्यांच्या शरीराचा खर्च नेहमीसारखा होता, पण खाणं त्यांनी नोंदवलं त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. यात लबाडीचा भाग नाही. अंदाज अशा बाबतीत फसतोच.

पण काटा स्थिर दिसला म्हणजे वजन अडकलंच असं नाही. पाळीच्या आधी शरीरात पाणी साठतं, पापड-लोणच्याच्या जेवणानंतर साठतं, नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायूंत साठतं. आत चरबी घटत असते आणि पाणी ते झाकत असतं. म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहा घेण्याआधी वजन करावं आणि आठवड्याची सरासरी काढावी. पाळी येणाऱ्या बाईने या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि कमरेचा घेरही तेवढाच राहिला, तर वजन अडकलं असं समजावं.

तेव्हा आहार आणखी कापायचा ही पहिली प्रतिक्रिया असते, आणि ती बहुधा चुकीची असते. १,२०० कॅलरींवर आलेली बाई त्या ८०० च्या ओढीशी जास्त दिवस झगडू शकत नाही. आधी एक आठवडा तेल, दाणे, साखर आणि पोळीची कणीक काट्यावर तोलून पाहावी. निसटलेले ३०० बहुधा तिथे सापडतात. थायरॉइडची शंका असेल तर रक्ततपासणी करून ती मिटवून टाकावी. जेवणात डाळ, उसळ, ताक, अंडी यांचा वाटा वाढवावा, कारण प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायूही वाचतात. आणि ७८ वरून ७० म्हणजे दहा टक्के वजन उतरलं, याचा शांतपणे विचार करावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम एवढंच ध्येय दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. वर्षभर ७० वरच थांबायचं ठरवलं तर ते माझ्या मते यशच आहे.

फक्त ते टिकवणं हे वेगळं काम आहे. ७० किलोच्या या बाईंना जुन्या २,००० कॅलरींकडे परत जाता येणार नाही. ‘डाएट संपलं’ म्हणून त्या तिकडे वळल्या तर वजन पुन्हा ७८ कडे निघेल. त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत: कायम १,८०० वर राहणं, किंवा खर्चात २०० ची भर घालणं. ७० किलोच्या माणसाने तासभर भरभर चाललं तर बसून राहण्यापेक्षा साधारण दोनशे कॅलरीच जास्त जातात. अमेरिकेत १९९४ पासून, किमान तेरा-चौदा किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या हजारो लोकांची नोंद ठेवली जाते. त्यांतले बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. वजन उतरवताना व्यायामाचा वाटा लहान असतो, टिकवताना तो मोठा होतो. त्याच नोंदीतले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात.

या काट्याला एक हद्द ठरवून द्यावी. बाईंसाठी ती ७२ धरू. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या फराळात एक-दीड किलो वाढणं साहजिक आहे आणि त्यातलं बरंचसं पाणी असतं. आठवड्याची सरासरी ७२ च्या वर गेली, की त्याच आठवड्यात तेलाचा चमचा आणि खाण्याची वही परत काढायची. दोन किलो उतरवायला महिना-दीड महिना लागतो, आठ किलोंना पुन्हा अर्धं वर्ष. सध्या गाजणाऱ्या इंजेक्शनांनी भुकेची ही ओढच कमी होते, म्हणून त्यांनी वजन उतरतं. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून ते इंजेक्शन सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं, की ते किती वर्षं घ्यायचं आणि थांबवल्यावर काय करायचं.