सोड्याला आंबट हवं

हळद घातलेल्या ढोकळ्यात कधीकधी तांबडे ठिपके दिसतात. पाहुण्यांसमोर ठेवताना ओशाळायला होतं, पण त्या ठिपक्यांत या विषयाचं निम्मं उत्तर आहे. हळद अल्कधर्मी पदार्थाला लागली की तांबडी होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. म्हणजे ढोकळ्यात जिथे ठिपका आहे, तिथे सोडा नीट मिसळला गेला नाही आणि त्याला पुरेसं आंबट मिळालं नाही.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, दुसरं काही नाही. त्याला ओलावा आणि आम्ल एकत्र मिळालं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि पीठ फुगतं. हे आम्ल पुरवायचं काम पाककृतीतल्या एखाद्या जिनसाने करायचं असतं: दही, ताक, लिंबू, व्हिनेगर, गूळ. नुसत्या उष्णतेनेही सोडा फुटतो आणि वायू देतो, पण मागे धुण्याचा सोडा उरतो. केक खाताना जिभेवर साबणासारखी चव येते ती त्याची.

मग ज्या पिठात दूध, साखर, लोणी आहे पण आंबट काहीच नाही, त्याचं काय? त्यासाठी बेकिंग पावडर. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. या पावडरीत सोडाच असतो, साधारण पाव ते एक तृतीयांश. सोबत कोरडं आम्ल असतं आणि दोघांना डब्यातच भिडू न देणारा कॉर्नफ्लोअरसारखा स्टार्च. आजच्या बऱ्याच पावडरींत एक आम्ल भिजवताना काम करतं आणि दुसरं भट्टीच्या उष्णतेत. त्यामुळे वायू दोन हप्त्यांत मिळतो.

प्रमाणातला फरकही यातूनच येतो. पाव चमचा सोडा जेवढं फुगवतो, तेवढ्यासाठी बेकिंग पावडर एक चमचा लागते (चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला). एकाच्या जागी दुसरं तेवढंच टाकलं तर केक एक तर बसतो, नाही तर कडवट होतो.

पण मग काही पाककृतींत दोन्ही का असतात? घरोघरी होणारा बिनअंड्याचा दह्याचा केक घ्या. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, अर्धा चमचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर. एक कप दह्यातली आंबटाई साधारण अर्धा चमचा सोडा मारते, म्हणून सोड्याचं प्रमाण दह्यावरून ठरलं आहे, मैद्यावरून नव्हे. दही-साखरेत सोडा आणि पावडर घालून ठेवलं की ते लगेच फेसाळतं. दिसायला छान, पण त्यातला बराचसा वायू भांड्यातच उडून जातो. अंडं नसल्यामुळे हे पीठ जड, आणि खरी उचल हवी असते ती भट्टीत. ती पावडरीतलं उशिरा जागं होणारं आम्ल देतं.

आता यातला सोडा काढून सगळी भिस्त पावडरीवर ठेवली, तर केक फुगेल, पण दह्याचा आंबटपणा तसाच राहील आणि वरचा रंगही फिका येईल, कारण आम्ल जास्त असलं की पदार्थ खरपूस व्हायला वेळ लागतो. उलट पावडरीऐवजी सोडाच वाढवला, तर दही त्याला पुरणार नाही. केक गडद, भरभरीत आणि साबणासारखा लागेल. मला विचाराल तर घरच्या केकचा घात कमी सोड्यापेक्षा जास्त सोड्यानेच अधिक वेळा होतो.

घरात बेकिंग पावडर नसेल तर एक चमच्याऐवजी पाव चमचा सोडा घ्यावा आणि पाककृतीतल्या दुधापैकी अर्धा कप काढून तेवढं दही घालावं. लिंबाचे दोन-चार थेंब पिळून मात्र भागत नाही, एवढं आम्ल त्यांत नसतं. आणि अशा पिठाला सगळी उचल एकदाच मिळते, म्हणून भट्टी आधीच तापलेली हवी.

पावसाळ्यात बेकिंग पावडरीवर लक्ष ठेवावं. झाकण सैल राहिलं की दमट हवेत आतला सोडा आणि आम्ल डब्यातच हळूहळू उरकून घेतात. पावडरीवर गरम पाणी ओतून पाहावं. जोरात फसफसली तर ठीक, नुसतीच विरघळली तर डब्यावरची तारीख पुढची असली तरी टाकून द्यावी. सोड्याची परीक्षा गरम पाण्याने होत नाही. त्यावर लिंबू पिळावं.