अर्ध्या बँडचे पंचेचाळीस गुण

कॅनडात कायमस्वरूपी राहायला जाण्याचा विचार करणारी बहुतेक मंडळी एकच प्रश्न विचारतात, ‘माझा स्कोअर किती होईल?’ त्याहून उपयोगी प्रश्न असा की तो स्कोअर कुठे अडला आहे. ज्यांचा स्कोअर कमी पडतो, त्यांच्यातल्या अनेकांचे शिक्षण आणि अनुभव पुरेसे असतात. भाषेच्या परीक्षेतला एखादा अर्धा बँड त्या दोन्हींचे मोल निम्मे करून टाकतो. हे कसे घडते ते हिशेबातूनच समजून घेऊ.

कॅनडाने गुणांवर आधारित निवड १९६७ मध्ये सुरू केली. आजची ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धत जानेवारी २०१५ पासून आहे. तिच्यात दोन वेगळे तक्ते आहेत आणि लोकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. परदेशातून अर्ज करणाऱ्या कुशल कामगारासाठी पहिला तक्ता १०० गुणांचा असून त्यात ६७ मिळवावे लागतात. तो केवळ प्रवेशाचा उंबरठा आहे. तो ओलांडला की उमेदवार प्रतीक्षा यादीत येतो आणि तिथे १२०० गुणांचा दुसरा तक्ता लागू होतो. त्याला ‘सीआरएस’ म्हणतात. सरकार ठराविक काळाने फेरी काढते आणि कटऑफच्या वर असणाऱ्यांना अर्जाचे निमंत्रण देते.

समजा, नाशिकची ३१ वर्षांची अविवाहित अभियंता आहे. चार वर्षांची बी.ई. आणि चार वर्षांचा नोकरीचा अनुभव तिच्याकडे आहे. आयईएलटीएसमध्ये तिला श्रवणात ८.५, वाचनात ७.५, लेखनात ६.५ आणि संभाषणात ७ बँड मिळाले. पहिल्या तक्त्यात तिचे ६९ गुण होतात, म्हणजे उंबरठा पार झाला. सीआरएसमध्ये वयाचे ९९, पदवीचे १२० आणि इंग्रजीचे ११९ मिळून ३३८ होतात.

यापुढे ‘कौशल्य हस्तांतरण’ नावाचा १०० गुणांचा भाग येतो. त्यात शिक्षण आणि परदेशी अनुभव यांचे गुण भाषेच्या पातळीशी जोडून दिले जातात. कॅनडा भाषा ‘सीएलबी’ या मोजपट्टीवर मोजतो. चारही कौशल्यांत सीएलबी ९ असेल तर या भागात पूर्ण गुण मिळतात. एकाही कौशल्यात त्याखाली घसरलात, पण चारही ७ च्या वर राहिलात, तर साधारण निम्मे गुण मिळतात. सीएलबी ९ साठी श्रवणात ८ आणि बाकी तिन्हींत ७ बँड लागतात. आपल्या अभियंता तरुणीचे लेखन ६.५ म्हणजे सीएलबी ८ वर अडले आहे. त्यामुळे तिला पदवीचे १३ आणि अनुभवाचे २५ असे ३८ गुण मिळतात. एकूण ३७६.

आता लेखनात ७ बँड धरून पुन्हा मांडणी करा. इंग्रजीचे गुण ११९ वरून १२७ होतात. हस्तांतरणात पदवीचे २५ आणि अनुभवाचे ५० मिळून ७५ होतात. एकूण ४२१. अर्ध्या बँडने ४५ गुण वाढले. सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त गुण इथेच मिळतात, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

लेखनाची तयारी करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कॅनडाच्या या अर्जासाठी आयईएलटीएसची ‘जनरल ट्रेनिंग’ परीक्षा लागते, ‘अकॅडमिक’ चालत नाही. तिच्या लेखनात एक पत्र आणि एक निबंध असतो आणि निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन असते. पत्र घोटण्यात वेळ गेला आणि निबंध घाईत उरकला की ६.५ ठरलेलेच. आपल्यावर अन्याय झाला असे मनापासून वाटत असेल तर पेपर पुन्हा तपासून घेण्याची सोय आहे, आणि बँड वाढला तर भरलेले शुल्क परत मिळते.

‘आणखी दोन वर्षे अनुभव घेते आणि मग अर्ज करते,’ हा विचार मात्र इथे उलटा पडतो. परदेशी अनुभवाचे गुण तीन वर्षांवर थांबतात. दहा वर्षे काम केलेल्यालाही या भागात तेवढेच ५० मिळतात. वय मात्र थांबत नाही. वयाचे पूर्ण ११० गुण २० ते २९ या वयात मिळतात. त्यानंतर चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच-सहा गुण कमी होतात, चाळिशीनंतर ही गळती अकरावर जाते आणि ४५ व्या वर्षी शून्य उरते. ही तरुणी ३३ वर्षांची होईपर्यंत थांबली तर अनुभवाचा एकही गुण न वाढता वयाचे ११ गुण जातील.

शिक्षणात दुसरी पदविका किंवा पदवी कामी येते. बी.ई.नंतर मान्यताप्राप्त एक वर्षाची पदव्युत्तर पदविका केलेली असेल तर शिक्षणाचे गुण १२० वरून १२८ होतात आणि हस्तांतरणात २५ च्या जागी ५० मिळतात. तिचा स्कोअर ४५४ होईल. मात्र ती पदविका कॅनडात ग्राह्य आहे की नाही, हे शैक्षणिक मूल्यांकन करणारी मान्यताप्राप्त संस्था ठरवते. फी भरण्याआधी हे तपासावे. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट मिळवायला वेळ लागतो, म्हणून ते काम परीक्षेच्या तयारीबरोबरच सुरू करावे.

तरीही ४५४ पुरतील का? २०२४ मधल्या सर्वसाधारण फेऱ्यांचे कटऑफ ५२० च्या वर होते. फ्रेंच जाणणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्यांत चित्र निराळे दिसते. १ फेब्रुवारी २०२४ ला कटऑफ ३६५ होता, तर २१ मार्च २०२५ ला ३७९. टीईएफ किंवा टीसीएफ परीक्षेत चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली तर आपल्या तरुणीला दुसऱ्या भाषेचे १२ आणि जादा ५० असे ६२ गुण मिळतील आणि या फेऱ्यांचे दारही उघडेल. ही पातळी साधारण ‘बी२’ची आहे. अकरावी-बारावीत गुणांसाठी घेतलेल्या फ्रेंचवर ती येत नाही, नेटाने अभ्यास करावा लागतो. पण कॉलेजात फ्रेंच शिकलेल्या मुंबई-पुण्याच्या मुलामुलींचा पाया तयार असतो. त्यांनी तो वाया घालवू नये.

जोडप्यांनी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडावा. मुख्य अर्जदार नवऱ्यानेच असावे असा नियम नाही. जिचे वय कमी आणि इंग्रजी चांगले, तिच्या नावावर अर्ज केल्यास गुण वाढू शकतात. जोडीदाराच्या भाषापरीक्षेचेही २० पर्यंत गुण असतात, म्हणून दोघांनीही परीक्षा द्यावी.

प्रांतिक नामांकनाने एकदम ६०० गुण मिळतात. पण प्रत्येक प्रांताच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या त्याच्या गरजेनुसार बदलतात. नोकरीच्या ऑफरचे गुण मात्र २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. तरीही ‘ऑफर लेटर आणून देतो, गुण वाढतील’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे असे समजा. खोटे अनुभवपत्र जोडल्याचे उघड झाले तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय कॅनडाची दारे पाच वर्षे बंद होतात. अनुभवपत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावे आणि त्यात हुद्दा, प्रत्यक्ष कामे, आठवड्याचे तास व पगार लिहिलेला असावा. कामांचे वर्णन निवडलेल्या व्यवसाय-संकेतांकाशी जुळले नाही, तर खरा अनुभवही मोजला जात नाही.

एजंटकडे जाण्याआधी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरच्या मोफत सीआरएस गणकात आपले आकडे स्वतः भरा. मग एकेका कौशल्याचा बँड अर्ध्याने वाढवून पाहा. जिथे एकूण आकडा सर्वाधिक उडी घेईल, तिथे पुढचे सहा महिने आणि पैसा लावा. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी तक्ता पुन्हा वाचा आणि पुढचा वाढदिवस येण्याआधी अर्जाची तयारी पूर्ण करा.