चालू चिलर बंद पाडून बघा

समजा, मुंबईतल्या एका रुग्णालयात ५०० टनांचे दोन चिलर बसवले आहेत, एक चालू आणि एक राखीव. चिलर ७ अंशांचं पाणी इमारतीत पाठवतो, ते उष्णता घेऊन १२.५ अंशांवर परत येतं. पूर्ण भाराला ताशी सुमारे २७५ घनमीटर पाणी फिरतं. ठेकेदार म्हणतो, प्लांट सुरू झाला, ताबा घ्या. पण भर दुपारी चालू चिलर बंद पडला तर काय होईल, हे अजून कुणी पाहिलेलं नसतं.

त्यासाठीची चाचणी कागदावर आधी लिहावी लागते, निकषासकट. ‘राखीव चिलर व्यवस्थित सुरू व्हावा’ हा निकष नव्हे. त्यात कुणीही पास होतो. ‘मुख्य पाइपातलं पाणी १० अंशांच्या वर जाऊ नये आणि १५ मिनिटांत पुन्हा ७ अंशांवर, अर्ध्या अंशाच्या फरकात, स्थिरावावं’ हा निकष. आकडे रुग्णालयाच्या गरजेनुसार बदलतील, पण ते चाचणीआधी ठरलेले हवेत.

मग चालू चिलर बंद करायचा, पण स्टॉपचं बटण दाबून नाही. बटण दाबलं की यंत्रणा शिस्तीत थांबते; बिघाड इतका सभ्य नसतो. ब्रेकर पाडायचा आणि हात मागे घ्यायचे. चिलर पडल्याचं नियंत्रण यंत्रणेनं स्वतः ओळखायला हवं, राखीव चिलरचा व्हॉल्व्ह उघडायला हवा, पाणी वाहतंय याची खात्री झाल्यावरच कॉम्प्रेसर सुरू व्हायला हवा. मध्ये कुणी पाना घेऊन धावला तर चाचणी नापास.

खरी गंमत यानंतर होते. राखीव चिलर सुरू होतो, त्याच्या पॅनेलवर ७ अंश दिसतात आणि टाळ्या पडतात. तरी वर ऑपरेशन थिएटरमध्ये आर्द्रता चढतच असते. कारण बंद पडलेल्या चिलरचा व्हॉल्व्ह मिटलेलाच नसतो. परतीचं निम्मं पाणी त्या मेलेल्या चिलरमधून न थंडावता जातं आणि पुढे थंड पाण्यात मिसळतं: ७ आणि १२.५ यांची सरासरी, ९.७५. पॅनेल खोटं बोलत नाही, ते फक्त आपल्यापुरतं बोलतं. म्हणून तापमान मोजायचं ते दोन्ही प्रवाह एकत्र झाल्यानंतरच्या मुख्य पाइपावर. आणि बघा, ९.७५ म्हणजे १०च्या आतच. निकषात १५ मिनिटांची दुसरी अट नसती तर हा दोष पास होऊन गेला असता.

या चाचणीला एक मर्यादा आहे. नव्या, अर्धवट भरलेल्या इमारतीत डिसेंबरात उष्णताच कमी असते. पाणी हळू तापतं आणि दुबळी यंत्रणाही वेळेत सावरते. त्यामुळे हीच चाचणी मे महिन्यात पुन्हा घेण्याची अट करारात घाला, आणि ती होईपर्यंत ठेकेदाराची काही रक्कम राखून ठेवा.